स्मॉल गेनची अट पाळली, तरी लूप अनस्टेबल का झाला?

प्रश्न: पाणी तापवणाऱ्या हीटरच्या मॉडेलवर काम करतोय. नॉमिनल प्लांट 2/(60s+1) आहे. सेन्सर पाइपमध्ये पुढे असल्याने डेड टाइम ० ते १० सेकंद कितीही असू शकतो. तो मल्टिप्लिकेटिव्ह अनसर्टन्टी म्हणून धरला आणि वेट घेतलं 10s/(5s+1). पीआय कंट्रोलर असा लावला की T = 1/(6s+1) येतं. |wT| चा पीक ०.९१ आला, म्हणजे १ पेक्षा कमी. तरीही १० सेकंद डेड टाइम टाकून सिम्युलेशन केलं की ऑसिलेशन हळूहळू वाढतच जातं. स्मॉल गेन थिअरम डेड टाइमला लागू होत नाही का?

उत्तर:

थिअरम लागू होतो. तुमचा ०.९१ हा आकडाही बरोबर आहे आणि सिम्युलेशनही बरोबर आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण ज्या प्लांटसमूहासाठी तुम्ही हमी मिळवली त्या समूहात १० सेकंद डेड टाइमचा प्लांट नाहीच. गडबड वेटमध्ये आहे. तुमचं वेट खऱ्या फरकाला वरून झाकत नाही, आणि नेमकं जिथे झाकायला हवं होतं तिथेच ते कमी पडतं. हे नीट दिसावं म्हणून आधी थिअरम इथे काय सांगतो ते पाहू आणि मग तुमच्याच आकड्यांवर परत येऊ.

मल्टिप्लिकेटिव्ह अनसर्टन्टी म्हणजे खरा प्लांट असा लिहायचा:

```
Gp(s) = G(s) [1 + w(s) Δ(s)],   |Δ(jω)| ≤ 1
```

G हा तुमचा नॉमिनल प्लांट. Δ हे कोणतंही स्टेबल ट्रान्सफर फंक्शन. त्याच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे की कुठल्याही फ्रिक्वेन्सीला त्याचं मॅग्निट्यूड १ च्या वर जात नाही. त्याची फेज काय असेल याबद्दल आपण एक शब्दही बोलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. w मात्र आपण ठरवतो. ते सांगतं की कुठल्या फ्रिक्वेन्सीला मॉडेल किती टक्के चुकू शकतं: w चं मॅग्निट्यूड ०.२ म्हणजे २० टक्के, आणि १ म्हणजे १०० टक्के, म्हणजे तिथे मॉडेलवर विसंबून काहीच करता येत नाही.

आता लूपमध्ये Δ च्या जागी कात्री लावा. Δ च्या आउटपुटला z म्हणा आणि कंट्रोलरकडून प्लांटकडे येणाऱ्या सिग्नलला v म्हणा. प्लांटला मिळतो v + z. तो G आणि C मधून फिरून उणे चिन्हासह परत येतो, म्हणजे v = −L(v + z), जिथे L = GC. यातून v = −Tz मिळतं, T = L/(1+L). Δ च्या इनपुटला जातं wv. म्हणजे Δ ला बाहेरून जे लूप दिसतं ते फक्त −wT आहे. प्लांट, कंट्रोलर, सगळं या एका ट्रान्सफर फंक्शनमध्ये आलं.

जॉर्ज झेम्स यांनी १९६६ मध्ये मांडलेला स्मॉल गेन थिअरम म्हणतो की दोन स्टेबल सिस्टिम एकमेकींना फीडबॅकमध्ये जोडल्या आणि त्यांच्या गेनचा गुणाकार १ पेक्षा कमी असेल, तर लूप स्टेबल राहतो. कारण साधं आहे: सिग्नल एक फेरी मारून परत येतो तेव्हा दर वेळी आधीपेक्षा लहान झालेला असतो, मग फेज कितीही प्रतिकूल असली तरी तो साचत जाऊ शकत नाही. इथे Δ चा गेन फार तर १ आहे, म्हणून अट उरते:

```
|w(jω) T(jω)| < 1,   सर्व ω साठी
```

ही अट मल्टिव्हेरिएबल सिस्टिमसाठी डॉयल आणि स्टाइन यांच्या १९८१ च्या लेखामुळे डिझाइनच्या रोजच्या वापरात आली. तुमच्यासारख्या एका इनपुट-आउटपुटच्या लूपमध्ये ती नायक्विस्ट प्लॉटवर थेट पाहता येते. दोन्ही बाजूंना |1+L| ने गुणलं की अट होते |wL| < |1+L|. म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला L(jω) या बिंदूभोवती |wL| त्रिज्येची चकती काढा. त्या चकतीने −१ ला शिवता कामा नये. खरा लूप त्या चकतीत कुठेही असू शकतो, आणि नॉमिनल लूप स्टेबल असेल तर −१ भोवतीचे फेरे बदलायला त्याला −१ वरूनच जावं लागेल.

एवढं झाल्यावर तुमच्या हीटरकडे येऊ.

तुमचा कंट्रोलर प्लांटचा पोल कॅन्सल करणारा आहे, म्हणून सगळं एका आकड्यावर येतं. त्याला λ म्हणू:

```
C(s) = (60s+1)/(2λs),   L(s) = 1/(λs),   T(s) = 1/(λs+1)
```

इंटिग्रल टाइम ६० सेकंद कायम, आणि प्रपोर्शनल गेन ३०/λ. तुमचा λ = ६, म्हणजे गेन ५. λ कमी केला की लूप जलद होतो.

खरा प्लांट नॉमिनलच्या e^(−θs) पट आहे, θ शून्यापासून १० सेकंदांपर्यंत. म्हणजे सापेक्ष फरक e^(−θs) − 1. हे फंक्शन स्टेबल आहे, त्यामुळे डेड टाइमला थिअरम लागू होण्यात अडचण नाही. त्याचं मॅग्निट्यूड 2|sin(ωθ/2)| येतं. सर्वांत वाईट θ धरला तर ω = π/10, म्हणजे सुमारे ०.३१ रेडियन प्रति सेकंद, इथपर्यंत 2 sin(5ω), आणि त्यापुढे कायम २. वेटला झाकायचा आहे तो हा वक्र.

तुमचं 10s/(5s+1) कुठून आलं याचा अंदाज येतो. e^(−θs) च्या पहिल्या क्रमाच्या पाडे अंदाजातून १ वजा केला की चिन्ह सोडून नेमकं हेच मिळतं. कमी फ्रिक्वेन्सीला ते 10ω च्या जवळ राहतं, वरती २ वर जातं, म्हणून दोन्ही टोकांना चोख दिसतं. बोडे प्लॉटवर डेसिबलच्या मोठ्या स्केलवर दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसतात, आणि तिथेच फसगत होते. मधल्या पट्ट्यात हे वेट खऱ्या वक्राच्या खाली आहे.

ω = ०.१६ घ्या. खरा फरक 2 sin(0.8) = १.४३ आहे. तुमचं वेट तिथे १.२५ सांगतं. λ = ६ साठी |T| आहे ०.७२. तुमच्या वेटने गुणाकार ०.९० येतो, खऱ्या वक्राने १.०३. सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पाहिलं तर खऱ्या वक्राचा पीक १.०८ आहे, तुम्हाला दिसलेला ०.९१ नव्हे. अट मोडलेलीच होती, फक्त वेटने ती दाखवली नाही.

लूप खरंच अनस्टेबल आहे हे हातानेही तपासता येतं. L = 1/(6s) चा गेन १ होतो ω = १/६ ला. तिथे इंटिग्रेटरची ९० अंश फेज आधीच गेलेली आहे, आणि १० सेकंदांचा डेड टाइम १.६७ रेडियन, म्हणजे साडेपंचाण्णव अंश, आणखी खातो. फेज मार्जिन उणे साडेपाच अंश. तुमच्या सिम्युलेशनमध्ये ऑसिलेशनचं एक आवर्तन सुमारे ३९ सेकंदांचं दिसेल आणि चार आवर्तनांत त्याची उंची साधारण दुप्पट होईल. हे आकडे जुळत असतील तर तुमचा सिम्युलेशनचा सेटअप बरोबर आहे.

तपासणीसाठी मी वेट फिट केलं की पहिल्यांदा हे चालवतो:

```python
import numpy as np
theta, lam = 10.0, 6.0
w = np.logspace(-3, 1, 4000)
T = 1/np.sqrt(1 + (lam*w)**2)
need = np.where(w*theta < np.pi, 2*np.sin(w*theta/2), 2.0)
have = w*theta/np.sqrt(1 + (w*theta/2)**2)
print((need*T).max(), (have*T).max(), (have < need).any())
```

शेवटचं उत्तर True आलं की पुढचे सगळे आकडे बाजूला ठेवायचे आणि वेट दुरुस्त करायचं. |wT| चा पीक कितीही छान दिसला तरी.

आता दुरुस्ती. सगळ्यात सोपं वेट w = 10s. sin x नेहमी x पेक्षा लहान असतो, त्यामुळे ते निश्चित झाकतं. त्याने अट येते λ > १०. हे सुरक्षित आहे, पण वरच्या फ्रिक्वेन्सींना विनाकारण कडक, कारण खरा फरक २ च्या वर कधी जातच नाही आणि हे वेट वाढतच राहतं. तुमच्याच धाटणीचं, पण झाकणारं वेट हवं असेल तर हे घ्या:

```
w(s) = θs / (θs/3.5 + 1)
```

तुमच्या वेटमध्ये ३.५ च्या जागी २ होता. हा आकडा √१२, म्हणजे ३.४६४, याच्यापेक्षा कमी असला की छोट्या फ्रिक्वेन्सींनाच वेट खऱ्या वक्राखाली घसरतं. दोन्ही वक्रांच्या मालिकेतलं दुसरं पद ताडून पाहिलं की ते कळतं. ३.५ घेतला की सगळीकडे झाकतं. T = 1/(λs+1) साठी या प्रकारच्या वेटची अट हाताने सुटते: आकडा a असेल तर λ > θ(1 − 1/a). a = ३.५ ला λ > ७.१४ सेकंद. a = २ टाकून पाहा, λ > ५ मिळतं. म्हणजे तुमच्या वेटने ५ च्या वरचा प्रत्येक λ पास केला असता. त्यात तुमचा ६ आला.

खरी सीमा किती? फेज मार्जिन शून्य होतं ते λ = २θ/π ला, म्हणजे ६.३७ ला. आणि रॅशनल वेटच्या भानगडीत न पडता खरा वक्रच स्मॉल गेनच्या अटीत वापरला तर λ > ६.७७ मिळतं. मला या उदाहरणातला सर्वांत शिकवणारा भाग इथे वाटतो. ६.३७ आणि ६.७७ यांच्यातला फरक कुठून आला?

λ = ६.५ घ्या. खरा वक्र वापरूनही |wT| चा पीक १.०३ येतो, म्हणजे थिअरम हमी देत नाही. पण ० ते १० सेकंदांतला कुठलाही डेड टाइम टाका, लूप स्टेबलच राहतो. कारण चकतीचं. डेड टाइम L(jω) ला फक्त फिरवतो, ओरिजिनपासूनचं अंतर बदलत नाही, म्हणजे खरे प्लांट एका कमानीवर आहेत. आपण मात्र त्या कमानीभोवती पूर्ण चकती धरली, कारण Δ ची फेज आपण मोकळी सोडली होती. त्या चकतीत असेही बिंदू आहेत की जिथे गेन वाढलेला आहे आणि फेजही गेलेली आहे. १.०३ त्यांच्यामुळे येतो. चकतीतला प्रत्येक Δ शक्य मानला, तर अट पुरेशीही आहे आणि आवश्यकही: |wT| कुठे १ ला पोहोचलं तर लूप बिघडवणारा एक स्टेबल Δ बांधून दाखवता येतो. म्हणून सावधपणाची किंमत थिअरममध्ये शोधू नका. खऱ्या समूहाऐवजी चकती घेतली, तेव्हाच ती मोजली गेली.

ही किंमत इथे मला खुपत नाही. λ = ६.५ ला १० सेकंदांवर फेज मार्जिन दोन अंशांहूनही कमी आहे. तो लूप कागदावर स्टेबल आहे. प्लांटमध्ये व्हॉल्व्ह किंवा हीटरचा गेन जरा सरकला की संपला. आणि गेन सरकतोच. तुमच्या हीटरमध्ये पाण्याचा फ्लो बदलला की डेड टाइमबरोबर गेनही बदलणार, कारण कमी पाण्याला तेवढीच उष्णता मिळाली की ते जास्त तापतं.

म्हणून तो गेनही समूहात घ्या. समजा तो ±२० टक्के आहे. मग फरक k·e^(−θs) − 1 होतो आणि सर्वांत वाईट बाजू k = १.२ ची आहे: वक्र कमी फ्रिक्वेन्सीला ०.२ पासून सुरू होतो आणि वरती २.२ ला जातो. या वक्राने स्मॉल गेनची अट λ > ७.८४ देते. खरी सीमा १.२ × ६.३७, म्हणजे ७.६४. दोन्हींतलं अंतर ६ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. समूहात गेन आणि फेज दोन्ही हलू लागले की कमान पसरते आणि चकती तिच्याहून फार मोठी राहत नाही. अनिश्चितता जितकी खऱ्यासारखी वर्णन कराल तितकी ही अट कमी सावध वाटेल, असा माझा प्रोसेस लूपमधला नेहमीचा अनुभव आहे. पॅरामीटर एकच असेल आणि तोही नेमका माहीत असेल तर मात्र चकती वाया जाते. तिथे थेट मार्जिन काढणं बरं.

याच वक्रातून आणखी एक मर्यादा दिसते. इंटिग्रल ॲक्शन असल्याने T(0) = 1 आहे, तेव्हा w(0) चं मॅग्निट्यूड १ पेक्षा कमी असणं भाग आहे. म्हणजे प्लांटच्या स्टेडी गेनचं निदान चिन्ह तरी खात्रीने माहीत हवं. दुसऱ्या टोकाला, फक्त डेड टाइम धरला तर w १ ओलांडतं ωθ = π/3 ला, तुमच्याकडे ०.१०५ रेडियन प्रति सेकंदाला. तिथून पुढे T ला १ च्या खाली यावंच लागतं. कंट्रोलर कुठलाही लावा, हा भाग बदलत नाही.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगितल्याशिवाय हे आकडे प्लांटवर नेऊ नका. पहिली, वरचं सगळं गणित डेड टाइम माहीत नसला तरी स्थिर आहे असं धरून आहे. फ्लो सतत जलद बदलत असेल तर डेड टाइम काळानुसार बदलणारा ऑपरेटर होतो आणि 2 sin(ωθ/2) हा वक्र त्याचं वर्णन करत नाही. दुसरी, Δ स्टेबल हवा, म्हणजे नॉमिनल आणि खऱ्या प्लांटच्या अनस्टेबल पोलांची संख्या सारखी हवी. हीटरमध्ये ती दोन्हीकडे शून्य आहे. पण जिथे ऑपरेटिंग पॉइंट बदलला की एखादा पोल उजव्या बाजूला जातो, अशा प्लांटला ही मल्टिप्लिकेटिव्ह मांडणी चालत नाही. तिथे अनिश्चितता वेगळ्या रूपात लिहावी लागते.

डेड टाइमचा काही भाग नक्की माहीत असेल, समजा ४ सेकंद कधीच चुकत नाहीत, तर ते ४ नॉमिनल मॉडेलमध्ये टाका आणि अनिश्चित फक्त उरलेले ६ धरा. वेट लहान होईल, पण T आता 1/(λs+1) राहणार नाही, त्यामुळे λ > θ(1 − 1/a) हे सूत्र तिथे वापरू नका. कोडमध्ये T ची ओळ बदलून पुन्हा चालवा.

आणि λ शेवटी किती ठेवायचा? रोबस्ट स्टॅबिलिटीची अट फक्त एवढं सांगते की लूप फुटणार नाही. ७.१५ ला हमी मिळेल, पण १० सेकंदांवर फेज मार्जिन दहा अंशांच्या आसपास, म्हणजे तापमान बराच वेळ वरखाली होत राहील. λ = १० ला, २० टक्के गेन धरूनही, |wT| चा पीक ०.८४ आहे आणि गेन नॉमिनल असताना १० सेकंदांवर मार्जिन सुमारे ३३ अंश. मी अशा लूपला सुरुवात सर्वांत मोठ्या डेड टाइमच्या दुपटीने करतो: λ = २०, म्हणजे प्रपोर्शनल गेन १.५ आणि इंटिग्रल टाइम ६० सेकंद. तिथे १० सेकंदांवर ६१ अंश मार्जिन उरतं. मग तीन वेगवेगळ्या फ्लोंवर स्टेप टेस्ट घ्यायच्या, प्रत्येकीतून मॉडेल काढून |Gi/G − 1| चे वक्र एकाच प्लॉटवर टाकायचे, आणि ते सगळे w च्या खाली आहेत हे दिसलं तरच λ खाली आणायचा.